सातवे पुस्तक कुठे आहे?

विसर्जन झाले, मंडप उतरला, आता हिशेबाची बैठक. टेंभुर्णी घ्या की जाफराबाद तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव, खजिनदाराचे पहिले वाक्य ठरलेले: ‘पावत्या आणि बँकेतला भरणा जुळला.’

कोणत्या पावत्या?

एक हिशेब मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, रीत मात्र रोजचीच. मंडळाने शंभर-शंभर पावत्यांची दहा पुस्तके छापून घेतली, क्रमांक १ ते १०००. बैठकीत नऊ आली. त्यांच्या स्थळप्रतींची बेरीज १,४२,६५० रुपये. बँकेत भरले १,०८,०००. तफावत ३४,६५०.

लगेच कुणाची कॉलर धरू नका. आधी तफावत फोडा.

मंडपवाल्याला १५,००० रुपये इसार दिला, तोही गोळा झालेल्या रोकडीतूनच. खर्च खरा असेल, बिलही असेल. पण जमा बँकेत जाण्याआधीच तिला खर्चाचे पाय फुटले, तर भरणा पावती स्थळप्रतींशी जुळणार कशी? आधी सगळी रक्कम खात्यात भरा, मग खर्चाला काढा. एवढे केले तरी निम्मी भांडणे मिटतात.

९,४०० रुपये मोबाइलवर आले. कुणाच्या? वर्गणी मागायला गेलेल्या पोराच्या! पावती मंडळाची आणि पैसा त्याच्या खात्यात. पोरगा प्रामाणिक असेलही, पण त्याच्या खात्याचा उतारा कोण मागणार? क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा आणि स्थळप्रतीवर ‘रोख’ की ‘ऑनलाइन’ हे लिहिलेले हवे.

६,२५० रुपये उधार. गणपती भादव्यात येतात, तेव्हा सोयाबीन अजून रानात उभे असते. शेतकरी म्हणतो, ‘माल निघाला की देतो.’ पोरं तिथेच पावती फाडून हातात देतात. म्हणजे न आलेले पैसे मिळाले असे मंडळाने लिहून दिले! वायद्यांची वही वेगळी ठेवा. पावती पैसे हातात पडल्यावरच फाडा.

उरले ४,०००. त्यांचा पत्ता लागत नाही. मग त्या चार हजारांवर दोन तास खल होतो, आवाज चढतात, जुनी उणीदुणी निघतात.

आणि सातवे पुस्तक?

‘हरवलं.’ संपला विषय.

संपला कसा? नऊ पुस्तकांत १,४२,६५० जमले, म्हणजे एका पुस्तकामागे सरासरी १५,८५० रुपये. चार हजारांसाठी दोन तास आणि पंधरा हजारांसाठी एक शब्द. शिवाय हे पुस्तक कुठल्याच बेरजेत नाही, म्हणून त्याची तफावतही दिसत नाही. पुस्तकच गायब केले की हिशेब हमखास जुळतो.

म्हणून मोजणी स्थळप्रतींपासून सुरू करू नका, छापखान्याच्या बिलापासून करा. किती पुस्तके छापली, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, कोणते पुस्तक कुणी सही करून नेले. पुस्तक परत आले की फाडलेल्या, रद्द आणि कोऱ्या पावत्या मिळून शंभर भरल्याच पाहिजेत. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकात हव्यात. एकच असेल, तर दुसरी कुणाच्या तरी घरात आहे.

स्थळप्रतीकडे नीट बघा. महिनाभराची वर्गणी आणि अख्खे पुस्तक एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे? ४५ क्रमांकाची तारीख ४० च्या आधीची? अक्षरी रक्कम कोरी? मग स्थळप्रत बाजूला ठेवा आणि बाजारपेठेत जा.

कारण भरणा स्थळप्रतीशी जुळला, तरी स्थळप्रत देणगीदाराच्या पावतीशी जुळेलच असे नाही. वर १,००१ आणि खाली १०१ लिहिले, की नऊशे रुपये कुठल्याच बेरजेत येत नाहीत. दुकानदार पावत्या खिळ्याला टोचून ठेवतात. प्रत्येक पुस्तकातल्या दहा पावत्या त्यांच्या प्रतींशी ताडून बघा. हे काम वर्गणीला न गेलेल्या दोघांनी करावे, गोळा करणाऱ्याने स्वतःच तपासणे ही तपासणी नव्हे.

हे घरगुती प्रकरण आहे, असे कुणी म्हणेल. नाही. सार्वजनिक वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेबही द्यावा लागतो.

मग सातव्या पुस्तकाचे काय? मंडळाच्या फलकावर ठळक लिहा: ‘पावती क्रमांक ६०१ ते ७०० चे पुस्तक परत आलेले नाही. या क्रमांकाची पावती ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ती दाखवावी.’ तीन-चार जणांनी पावत्या आणल्या तरी पुस्तक वापरले गेले होते हे कळेल आणि कुणाच्या हातून, तेही. देणगीदाराला विचारा, पावती कुणी फाडली हे तो लगेच सांगेल.