नवशिक्यांसाठी एसी पॉइंट

पहिली सूचना : जुन्या फ्लॅटमध्ये एसी घ्यायचं ठरलं, तर ते जिन्यात मोठ्यानं बोलू नये. आमच्या राजारामपुरीतल्या इमारतीत मी बोललो आणि एका दुपारी तीन आकडे पदरात पडले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "टाक बत्तीसचा एमसीबी, बिनघोर राहशील." समोरच्या वहिनींनी सोळा सांगितला, कारण त्यांच्याकडं सोळाचाच आहे. वायरमन म्हणाला, "सहा एमएम वडूया की साहेब, कशाला चिंता." एसी कुठला, किती करंट घेणारा, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नाही.

दुसरी सूचना : 'टन' या शब्दाला घाबरू नये. कोल्हापुरात टन म्हटलं की ट्रॉलीभर ऊस डोळ्यांपुढं येतो. एसीचा टन मात्र बर्फाचा. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ताकद, म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, पण त्यासाठी वीज घेतो दीड-पावणेदोन किलोवॅटच. सव्वापाच किलोवॅटचा हिशोब मांडून माझे एक मेव्हणे थ्री-फेज मीटरचा अर्ज करायला निघाले होते.

तिसरी सूचना : बाहेरच्या युनिटवर चिकटवलेली पट्टी वाचावी. तिच्यावर करंटचे दोन आकडे सापडतात. एक नेहमीच्या चालीचा, दुसरा कमाल. माझ्या एसीचे होते ७ आणि ९.५ अँपिअर. हिशोब कमालचा धरायचा, कारण मे महिन्यात व्होल्टेज खाली आलं की तेवढाच गारवा द्यायला यंत्र जास्त करंट ओढतं.

आता मुद्द्याचं, आणि जिन्यातल्या तज्ज्ञांना हे पटवायला जाऊ नये. एमसीबी एसीच्या रक्षणासाठी नसतो, तो भिंतीतल्या तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून आकड्यांचा क्रम ठरलेला आहे : सगळ्यात लहान एसीचा करंट, त्याहून मोठा एमसीबी, आणि त्याहूनही मोठी तारेची सोसण्याची ताकद. काकांच्या बत्तीसमध्ये खोट इथंच आहे. बत्तीसचा एमसीबी ३६ अँपिअर वाहत असताना तासभर पडला नाही, तरी तो नियमाप्रमाणंच वागतोय. तशी मुभा त्याला मानकातच दिलेली आहे. तेवढ्या तासात मागची तार काय सोसते, हे भिंतीच्या आत कोण बघणार?

तार किती सोसते याचा आकडा दुकानदार फडाफडा सांगतो, पण तो आदर्श भिंतीतला असतो. भिंतीतल्या पाइपमधून जाणाऱ्या २.५ एमएमच्या तांब्याच्या तारेला साधारण २४ अँपिअर झेपतात आणि ४ एमएमला ३२, पण ते आजूबाजूचं तापमान ३० अंश असेल तर. (एमएम म्हणजे इथं चौरस मिलिमीटर. पट्टी लावून तारेची जाडी मोजू नका. ४ एमएमची तार जेमतेम सव्वादोन मिलिमीटर जाड भरते. मी मोजली, आणि दुकानदाराशी विनाकारण वाद घातला.)

माझी भिंत पश्चिमेची, वर गच्ची. उन्हाळ्यात तिथं ४० अंश धरणंच शहाणपणाचं. त्या तापमानाला तारेची ताकद ०.८७ पट उरते. शिवाय त्याच पाइपातून गिझरची जोडी जाते. दोन सर्किटं एकमेकींना तापवतात, म्हणून आणखी ०.८ पट. आता गुणाकार करा. २.५ एमएमचे २४ घसरून १६.७ वर येतात, ४ एमएमचे ३२ घसरून २२.३ वर. म्हणजे माझ्या पाइपात वहिनींचा सोळाचा एमसीबी आणि २.५ ची तार नियमात बसते, पण काठावर. अंगाबरोबर शिवलेला सदरा, एक घास जास्त झाला की बटण तुटायचं. मी ४ एमएम आणि वीसचा एमसीबी घेतला. अर्थची हिरवी तारही तेवढ्याच जाडीची. सहा एमएमनं काही बिघडलं नसतं, फक्त ती ताठ तार जुन्या पाइपाच्या कोपऱ्यातून ओढताना वायरमनचा उत्साह मावळला असता.

एमसीबीवर आकड्याआधी एक अक्षर असतं, ते 'सी' हवं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट घेतो. 'बी' जातीचा एमसीबी त्याला शॉर्ट सर्किट समजून पडतो आणि मग कोणीतरी काकांचा सल्ला आठवतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू उठतो, तरीही सीच घ्यावा.

चौथी सूचना : जुनी तार तोडून तिचा रंग बघावा. आमच्या बोर्डातून पांढरी निघाली, ॲल्युमिनियमची. सोबत चिनीमातीचा किटकॅट फ्यूज, आणि त्यात कोणीतरी तारेचे तीन पदर पिळून घातलेले. जुने लोक तारेला 'तीन बावीस', 'सात वीस' म्हणतात : तीन बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, सगळ्या मिळून सव्वा चौरस मिलिमीटरसुद्धा नाही. जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचं नवं शेपूट जोडून एसी चालवायचा मोह होतो. करू नये. दोन धातूंचा तो सांधा काही महिन्यांत सैल पडतो आणि तापतो. बोर्डापासून एसीपर्यंत एकच अखंड तार हवी, मध्ये सांधा नको. बोर्डापर्यंत मीटरकडून येणारी तारही तपासून घ्यावी, आणि वीजबिलावरचा मंजूर भार बघावा. काम परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्यावं. मी फक्त गुणाकार केला, पेचकस त्याच्याच हातात होता.

सैल सांध्यापुढं एमसीबी बिचारा लाचार असतो. करंट वाढतच नाही, त्यामुळे तो पडत नाही, आणि सॉकेटचं प्लास्टिक सावकाश भाजत राहतं. ते नाकानं ओळखावं : भाजणाऱ्या सॉकेटला सुक्या मासळीसारखा वास येतो. घरात तांबडा-पांढरा शिजत असताना बोर्डाजवळ मासळी दरवळली, तर मेन बंद करावा आणि मग रश्श्याकडं वळावं. म्हणूनच साध्या सोळाच्या प्लगऐवजी एमसीबीसकट येणारा वीस अँपिअरचा एसी बॉक्स बसवला. पहिल्या दिवशी तासभर चालवल्यावर एसी आणि एमसीबी दोन्ही बंद करून त्याच्या पत्र्याला हात लावून बघितला. कोमट होता. जास्त तापला असता, तर वायरमनला परत बोलावून स्क्रू आवळून घ्यायचे होते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच गुणाकारात नव्हती. जुनी तार ओढून त्याच पाइपातून नवी घालायची, असा बेत होता. वायरमननं पांढरी तार धरून खेचली. ती हलेना. दोघांनी खेचली, मग तिघांचे हात लागले आणि अर्धी तार तुटून हातात आली. स्लॅबच्या वळणावर कधीकाळी पाइपात सिमेंट गेलेलं. शेवटी हॉलच्या भिंतीवरून छताच्या कडेनं केसिंगची पांढरी पट्टी फिरवली. गिझरची जोडी आता पाइपात एकटी राहिली, म्हणजे माझा ०.८ चा गुणाकार वाया गेला आणि २.५ ची तारसुद्धा आरामात चालली असती. हे मी घरात अजून सांगितलेलं नाही. पट्टीवरूनच आठवडाभर ऐकून घेतोय.