दोन फायलींचं पत्र: शूटिंगवाल्यांसाठी आचारसंहिता

‘ओ शूटिंगवाले, कॅसेट चालंना गेली.’

सकाळी पावणेसातला असा फोन आला की ओळखावं, आपण फिल्मसोबतचं पत्र नीट लिहिलेलं नाही. कॅसेट म्हणजे पेनड्राईव्ह. व्हीएचएस जाऊन जमाना झाला, तरी परभणी जिल्ह्यात लग्नाची ती कॅसेटच. बोलणारे नवरदेवाचे वडील होते. ऑर्डर मात्र दिली होती पुण्याला नोकरी करणाऱ्या नवरदेवाने, आणि त्याने बजावलं होतं, ‘फुल क्वालिटी द्या, पुढे एडिट करता आली पाहिजे.’ म्हणून मी आठ मिनिटांच्या एकाच फिल्मच्या दोन फायली दिल्या. एक 600 एमबीची, दुसरी 7.3 जीबीची. ई-मेलमध्ये लिहिलं, ‘फायनल व्हिडिओ दिला आहे. धन्यवाद.’

त्यावर घरात तीन पक्ष पडले. वडील म्हणाले, मोठी फाईल बिघडलेली आहे. मामा म्हणाले, लहान फाईलमध्ये काटछाट केलीय. नवरदेव म्हणाला, मी एकच मागितली होती. उरलेली रक्कम थांबवायची, यावर मात्र तिन्ही पक्षांचं तात्काळ एकमत झालं.

हा प्रसंग इतर कुणावर येऊ नये म्हणून, जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या समस्त व्यवसायबंधूंसाठी पुढील नियम तयार केले आहेत. ते लॅमिनेट करून स्टुडिओत, ‘उधार बंद’च्या पाटीशेजारी लावावेत.

नियम पहिला: फायलींचं बारसं विधिवत करा

`final.mp4` आणि `final_final_new.mov` ही नावं ठेवणाऱ्याने पुढच्या फोनबद्दल तक्रार करू नये. नावातच काम सांगावं: `Lagna_TV_Mobile.mp4` आणि `Lagna_Master_JapunTheva.mov`. दुसऱ्या नावातला ‘जपून ठेवा’ हा भाग कधीही गाळू नये. घरात ई-मेल एकच माणूस वाचतो, फाईलचं नाव मात्र सगळे वाचतात.

घरातल्या भाच्याचाही बंदोबस्त याच ठिकाणी करावा. प्रत्येक घरात एक भाचा असतो, जो `.mov` पुसून तिथे `.mp4` लिहितो आणि ‘आता चालेल’ असं जाहीर करतो. त्याला सांगावं की `.mov` आणि `.mp4` ही पोती आहेत. आत धान्य कोणतं, ते वेगळं. लहान पोत्यात H.264 आहे, जे टीव्ही आणि मोबाईल सहज दळतात. मोठ्यात प्रोरेस आहे. पोत्यावरचं नाव खोडलं म्हणून आतलं धान्य बदलत नाही.

नियम दुसरा: भाकरी कोणती, बियाणं कोणतं, हे पहिल्याच वाक्यात सांगा

बिटरेट, कोडेक हे शब्द पहिल्या परिच्छेदात आले की पत्र तिथेच मिटतं. त्याऐवजी ज्वारीकडे यावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचं वाण दिलेलं आहे. त्याचं बियाणं वेगळं आणि त्याची भाकरी वेगळी, हे इथे कुणालाही शिकवावं लागत नाही. भाकरी आज खायची. बियाणं पुढच्या पेरणीसाठी राखायचं. बियाण्यापासून भाकरी कितीही वेळा होते, पण भाकरी पेरून ज्वारी उगवल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

लहान फाईल म्हणजे भाकरी. मोठी म्हणजे बियाणं. पुढे कधी पाच वर्षांनी फिल्ममधलं गाणं बदलायचं असेल, रंग सुधारायचे असतील, आजीचं एखादं दृश्य वेगळं काढायचं असेल, तर एडिटरला मोठी फाईल लागेल. टीव्हीने मोठी फाईल न चालवणं हा बिघाड नाही. आपण टीव्हीला बियाणं खायला घालत होतो.

नियम तिसरा: अक्षतांचा दाखला द्या

मामांचा काटछाटीचा आरोप गंभीर आहे आणि त्याचं उत्तर अक्षतांमध्ये आहे.

H.264 ही हिशेबी पद्धत आहे. ती एक चित्र पूर्ण लिहून ठेवते आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं एवढंच टिपते. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना निमूट उभी आहेत, मागे मंडपाचा पडदा हलत नाही, तोवर लिहिण्यासारखं फार काही नसतं. फाईल लहान होते आणि डोळ्यांना फरकही कळत नाही. म्हणजे फिल्मची मिनिटं कापलेली नसतात, पुनरुक्ती कापलेली असते. दोन्ही फायलींचा कालावधी शेजारी ठेवून दाखवावा. आठ मिनिटं इकडे, आठ मिनिटं तिकडे.

मग ‘सावधान’ होतं आणि तीनशे माणसं एकदम अक्षता टाकतात. आपण सेकंदाला 25 चित्रं घेतो. त्यातल्या प्रत्येक चित्रात प्रत्येक दाणा नव्या जागी. आता जुन्या चित्रातलं फारसं काही कामाला येत नाही आणि सेकंदाला ठरवून दिलेली जागा तर तेवढीच. मग ही पद्धत दाण्यांभोवतीचा बारकावा सोडून देते. तिथे फिल्म थांबवून बघितली तर चौकोनी ठोकळे दिसतात.

प्रोरेस असा हिशेब करत नाही. ते प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण लिहितं, त्यामुळे अक्षतांचा दाणा दाणाच राहतो. रंगाचंही तसंच. आपल्या लहान फाईलमध्ये चार ठिपक्यांमागे रंगाची एक नोंद असते, मोठ्या फाईलमध्ये दोन ठिपक्यांमागे एक. नुसतं बघताना हा फरक जाणवत नाही. हळदीच्या दृश्यात नंतर पिवळा रंग उजळवायला गेलं की जाणवतो.

इथे प्रामाणिक राहावं. मोठी फाईलही दाबलेलीच असते. काहीही न दाबता हीच आठ मिनिटं ठेवली असती तर 60 जीबीच्या आसपास गेली असती. शिवाय आपल्या कॅमेऱ्याने कार्डावर लिहितानाच थोडं दाबलेलं असतं. मोठी फाईल जास्तीचं काही निर्माण करत नाही, एडिटिंगनंतर हाती आलेलं फारसं गमावू देत नाही.

नियम चौथा: हिशेब एकदाच मांडा

वजनाचा संशय वजनानेच जातो. प्रोरेस 422 ही आपली मोठी फाईल सेकंदाला साधारण 122 मेगाबिट खाते. आठ मिनिटं म्हणजे 480 सेकंद. गुणाकार करून आठने भागलं, कारण आठ बिटांचा एक बाईट, की 7,320 एमबी येतात. लहान फाईलला आपण सेकंदाला 10 मेगाबिट दिले. तोच हिशेब केला की 600 एमबी. बारापट फरक आहे, आणि तो पूर्णपणे आपण निवडलेल्या या दोन आकड्यांतून आला आहे. यापुढे आकडे देऊ नयेत. मोंढ्यात दोनदा मापलेल्या मालावर गिऱ्हाईक तिसऱ्यांदा संशय घेतं.

नियम पाचवा: भिजवलेली ज्वारी विकू नका

काही महाभाग मास्टर म्हणून काय देतात, तर लहान फाईलच प्रोरेसमध्ये बदलून. वजन बारापट वाढतं, गिऱ्हाईक खूश. ही ज्वारी भिजवून काट्यावर ठेवण्याची जुनी विद्या आहे. एकदा गेलेला बारकावा पोतं मोठं केल्याने परत येत नाही. ओळखायची खूण पुन्हा अक्षताच. दोन्ही फायली त्याच क्षणी थांबवाव्या आणि मोठ्या करून बघाव्या. मास्टरमध्येही तेच ठोकळे, त्याच जागी दिसले तर माल भिजवलेला आहे. मास्टर नेहमी एडिटिंगच्या टाइमलाइनवरूनच काढावं आणि लहान फाईल त्या मास्टरमधून.

नियम सहावा: पेनड्राईव्हची पत्रिका बघा

बाजारातले पुष्कळ पेनड्राईव्ह FAT32 मांडणीत येतात. त्यात 4 जीबीहून मोठी एकच फाईल मावत नाही, मग पेनड्राईव्हवर 32 जीबी लिहिलेलं का असेना. जागा रिकामी दिसते आणि संगणक ‘फाईल मोठी आहे’ म्हणतो, हे त्यामुळे. exFAT केलं की मावते, पण काही जुने टीव्ही exFAT ओळखतच नाहीत. म्हणून संसार वेगळे करावेत. लहान फाईल FAT32 पेनड्राईव्हवर, टीव्हीला लावायला. मोठी फाईल exFAT हार्डडिस्कवर, कपाटात ठेवायला.

ई-मेलला फाईल जोडण्याचा विचारही करू नये. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, त्यात आपली लहान फाईलसुद्धा जात नाही. लिंक द्यावी आणि सोबत लिहावं की डाउनलोड करूनच बघा. ड्राइव्हवर तिथल्या तिथे दिसतं ते पुष्कळदा हलकं रूप असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. नुसता व्हिडिओ म्हणून टाकला की तो आणखी दाबला जातो. मग नांदेडच्या आत्यांना नवरी ओळखू येत नाही आणि दोष शूटिंगवाल्याला लागतो.

नमुना पत्र

वरील नियम पाळून लिहिलेलं पत्र असं असावं:

> विषय: लग्नाची फिल्म, दोन फायली. आज फक्त लहान फाईल बघा
>
> आदरणीय काका आणि दादा,
>
> सप्रेम नमस्कार. पेनड्राईव्हमध्ये `Lagna_TV_Mobile.mp4` आहे, 600 एमबी. ही टीव्हीला लावा, मोबाईलवर बघा, सगळ्यांना पाठवा.
>
> हार्डडिस्कमध्ये `Lagna_Master_JapunTheva.mov` आहे, 7.3 जीबी. ही टीव्हीवर किंवा साध्या मोबाईलवर चालणार नाही. ती बिघडलेली नाही. दादांनी पुढे एडिट करण्यासाठी मागितली होती, तीच ही. संगणकावर बघायची असल्यास व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडेल. हिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवरही ठेवा.
>
> दोन्हींत फिल्म तीच, आठ मिनिटांची. काहीही कापलेलं नाही. लहान फाईल भाकरी आहे, मोठी बियाणं. मामांना शंका असल्यास अक्षतांच्या दृश्यावर दोन्ही फायली थांबवून बघाव्यात.
>
> माझ्याकडची प्रत आजपासून 60 दिवस ठेवतो, नंतर डिस्क रिकामी करतो. दोन्ही फायली उघडतात याची त्याआधी खात्री करावी.
>
> आपला,
> शूटिंगवाला

उरलेल्या रकमेचा उल्लेख पत्रात नाही, हे चाणाक्ष बंधूंच्या लक्षात आलं असेल. फायलींच्या वजनाशेजारी पैशांचा आकडा आला की वाचणारा भागाकार करू लागतो आणि एका जीबीला किती रुपये पडले ते काढतो. रकमेसाठी स्वतंत्र पत्र लिहावं, तेही टीव्हीवर फिल्म बघून झाल्याचा निरोप आल्यावर.

शेवटचं सांगणं एवढंच. पत्र पाठवलं की लगेच फोन करून सांगा, ‘काका, ई-मेल पाठवलाय.’ काका विचारतील, ‘काय लिहिलंय त्यात?’ तेव्हा हे सगळं पत्र पुन्हा तोंडी सांगा. लिहिलेलं वाया गेलं असं समजू नका. लिहिलं नसतं तर तोंडी सांगताना तुम्ही बिटरेटपासून सुरुवात केली असती.