पगारपत्रकांच्या तुलनेचा शास्त्रोक्त विधी

पगारपत्रकाच्या वाचनाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात कर्मचारी डावीकडचे, उजवीकडचे सर्व रकाने ओलांडून थेट तळाच्या आकड्यावर जातो, तो बँकेच्या मेसेजशी जुळतो एवढे पाहतो आणि पत्रक मिटतो. हा प्रकार बहुसंख्यांना मान्य आहे. दुसऱ्या प्रकारात मागील महिन्याचे पत्रक शेजारी ठेवून ओळीमागून ओळ तपासली जाते. त्यासाठी पेन्सिल, पट्टी, हजेरीची नोंद आणि घरातल्यांनी जेवायला हाक मारली तरी न उठण्याची तयारी लागते. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

वाचनाची दिशा हा यातला मुख्य नियम. तुलना नेहमी जुन्या पत्रकाकडून नव्याकडे करावी. पगाराची बरीचशी सॉफ्टवेअर शून्य रकमेची ओळ छापतच नाहीत. बंद झालेला भत्ता ‘0’ म्हणून समोर येत नाही, त्याची ओळच नाहीशी होते आणि खालच्या ओळी सरकून जागा भरून काढतात. नुसते नवे पत्रक कितीही भिंग लावून पाहिले तरी त्यात जे नाही ते दिसणार नाही. म्हणून जुन्या पत्रकातील प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवून तिची जोडीदार नव्यात शोधावी आणि सापडली की टिक करावी. टिक न झालेली ओळ हरवलेली समजावी. नव्यात जिला जुना जोडीदार नाही, ती पाहुणी.

उदाहरणादाखल पिंपरीतील एका कारखान्यातला कामगार घेऊ. जानेवारीत त्याचे बेसिक आणि डीए मिळून 18,000, घरभाडे भत्ता 7,200, वाहन भत्ता 1,600 आणि नऊ रात्रपाळ्यांचे दर रात्री 150 प्रमाणे 1,350 होते. कपातीत पीएफ 2,160, व्यवसाय कर 200, कॅन्टीन 520 आणि पतपेढीचा हप्ता 2,000. हातात आले 23,270. फेब्रुवारीत आले 20,680. फरक 2,590 रुपयांचा. इथे सर्वसाधारण कामगार ‘पगार कापला’ अशी घोषणा करून चहाला जातो. ती घोषणा चूक नसते, पण तिचे उत्तर कोणालाच देता येत नाही.

फरकाची पहिली फोड बिनपगारी दिवसाची. फेब्रुवारीत त्याने एक दिवस चुलतभावाच्या लग्नाला दिला होता आणि किरकोळ रजा संपलेल्या होत्या. पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, ‘पगारी दिवस 27’ असे छापलेले होते. 28 पैकी 27 दिवसांच्या हिशेबाने बेसिक-डीए 17,357, घरभाडे 6,943 आणि वाहन भत्ता 1,543 झाला, म्हणजे एकूण 957 रुपये कमी. हीच दांडी जानेवारीत पडती तर भागाकार 31 ने होऊन सुमारे 865 रुपयेच गेले असते. काही कारखाने बारा महिने 26 ने किंवा 30 ने भागतात. आपल्याकडे कशाने भागतात हे एकदा विचारून पत्रकाच्या पाठीवर लिहून ठेवावे. लग्नाची तारीख मात्र त्यावरून बदलून मागू नये.

बेसिक घटले की पीएफही घटतो. 17,357 चे बारा टक्के 2,083 होतात, म्हणजे कपात 77 रुपयांनी कमी. व्यवसाय कर 200 चा 300 झाला, त्यावर दरवर्षी फेब्रुवारीत नव्याने आश्चर्य व्यक्त करण्याची परंपरा आहे. महाराष्ट्रात दरमहा दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला हा कर वर्षाला 2,500 रुपये बसतो. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, असे ते गणित जुळवलेले आहे. जून आणि डिसेंबरमध्ये उगवणारी कामगार कल्याण निधीची छोटी कपातही याच जातीची पाहुणी. तिच्यावर अर्ज लिहू नये.

एवढ्याने 980 रुपयांचा उलगडा होतो. उरले 1,610. पट्टी सरकवताना रात्रपाळी भत्त्याच्या ओळीला नव्या पत्रकात जोडीदारच नव्हता. मात्र जानेवारीत 1,350 मिळाले म्हणून आताही 1,350 मागणे हा घाईचा मार्ग. या कारखान्यात हजेरी 21 तारखेपासून पुढच्या 20 तारखेपर्यंत धरतात. कामगाराने 3 ते 8 फेब्रुवारी अशा सहा रात्री आणि महिनाअखेरीस आणखी तीन रात्री काढल्या होत्या. शेवटच्या तीन मार्चच्या पत्रकात येणार, म्हणून आजचे येणे सहा रात्रींचे 900. उरलेले 450 हा तक्रारीचा विषय नाही.

राहिले कॅन्टीनचे 260. कपात 520 वरून 780 झाली. ताटाचा दर 20 असेल तर हे 39 ताटांचे पैसे, आणि 28 दिवसांच्या महिन्यात एवढे जेवायला कर्मचारी मोठ्या योग्यतेचा लागतो. दर 30 झाला असेल तर 26 ताटे होतात. तसे असल्यास दरवाढीची सूचना कुठेतरी लावलेली असणार, बहुधा सायकल स्टँडच्या मागच्या भिंतीवर. यातले खरे कोणते हे कामगाराने ठरवायचे नसते. त्याने फक्त हिशेब मागायचा.

अर्ज लिहिताना उलगडलेल्या 980 रुपयांचा आणि त्या 450 चा उल्लेखही करू नये. त्यांच्यावर उत्तर देऊन एचआर विभाग उरलेल्यावर गप्प बसू शकतो. ‘पगार बरोबर आलेला नाही, कृपया लक्ष घालावे’ या वाक्याला ‘सिस्टीमप्रमाणे बरोबर आहे’ हे उत्तर तयारच असते. एका ओळीत एकच बाब आणि तिच्याबरोबर पुरावा, असे लिहिले की ते उत्तर बसत नाही:

‘1. रात्रपाळी भत्ता: फेब्रुवारीच्या पत्रकात ओळ नाही. 3 ते 8 फेब्रुवारी, सहा रात्री, दर 150, येणे 900. पंचिंगची नोंद जोडली आहे.

2. कॅन्टीन कपात: जानेवारी 520, फेब्रुवारी 780. ताटांची संख्या आणि दर कळवावा.’

वर कर्मचारी क्रमांक आणि महिना, खाली तारीख. वीस वर्षांच्या निष्ठावान सेवेचा उल्लेख टाळावा, तो भागाकारात धरत नाहीत.

एक प्रकार असा की त्यावर आजवर क्वचितच कोणी अर्ज केला असेल. हातात आलेली रक्कम वाढते तो. समजा 2,160 चा पीएफ एखाद्या महिन्यात 1,800 झाला. कामगार खूश होतो आणि मिठाई आणतो. वस्तुतः कंपनीने पूर्ण बेसिकऐवजी 15,000 च्या मर्यादेवर बारा टक्के धरायला सुरुवात केलेली असते. कंपनीचा स्वतःचा हिस्साही त्याच मर्यादेवर धरला गेला तर तोही दरमहा 360 ने उतरतो, आणि तो पगाराच्या रकमेत कुठेच दिसत नाही. तेव्हा वाढलेल्या ओळींनाही पट्टी लावावी आणि पीएफचे पासबुक अधूनमधून उघडावे. कापलेला पीएफ भरला गेला की नाही, हे पगारपत्रकावरून कळत नाही.

उत्तर ‘पुढच्या महिन्यात होऊन जाईल’ असे आले तर मार्चचे पत्रक जानेवारी आणि फेब्रुवारी या दोन्हींशेजारी ठेवावे. एरिअर्सच्या ओळीत 900 हवेत आणि महिनाअखेरच्या तीन रात्रींचे 450 नेहमीच्या भत्त्याच्या ओळीत. कोठे एकाच ओळीत मिळून 900 आले, तर तीन रात्री एरिअर्समध्ये विरघळल्या असे समजावे. व्यवसाय कर परत 200 वर उतरला आहे का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. तो 300 वरच राहिला असेल तर अर्जात तिसरी ओळ वाढवावी.