डिकी उघडा!

ओमानने दुकानांतल्या एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्यांवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. जुलै २०२४ पासून टप्प्याटप्प्याने एकेक प्रकारची दुकानं त्या जाळ्यात येऊ लागली. आधी औषधांची दुकानं आणि दवाखाने, मग कापडवाले, शिंपी, मोबाइलवाले. दंड ५० ते १००० रियाल. एवढं सरकारने केल्यावर बौशरमधल्या आम्हा मराठी मंडळींना काय उरलं? घोषणा.

त्यासाठी नेमलेल्या समितीच्या पहिल्याच बैठकीत ‘प्लास्टिक हटवा, वसुंधरा वाचवा’ एकमताने मंजूर झाली. ती वाचून नेमकं काय हटवायचं आणि कुठे ठेवायचं, हे वसुंधरेलाही कळलं नसतं. ‘पिशवी मागाल तर लाज वाटेल’ ही दुसरी. तीही थाटात मंजूर झाली.

एका वहिनींनी मात्र विचारलं, “पिशव्या असतात कुठे?” सगळ्यांच्या पिशव्या गाडीच्या डिकीत असतात! बौशरमध्ये बाजाराला चालत जातो कोण? आठवण येते ती बिलाच्या रांगेत, आणि तेव्हा जूनच्या उन्हात गाडीपर्यंत परत जायला जीव धजत नाही. माणूस नवी पिशवी विकत घेतो. म्हणजे काउंटरवरची घोषणा उशिरा पोचते. ती पार्किंगच्या खांबावर हवी: ‘डिकी उघडा, पिशवी घ्या, मग आत चला.’ यात धमकी नाही, वसुंधराही नाही. नुसतं काम आहे.

मासळीच्या काउंटरची अडचण वेगळी. तिथे पिशवी लागते ती पाण्यामुळे; गाडीच्या सीटवर सुरमईचं पाणी सांडलं तर आठवडाभर प्रायश्चित्त. डबा नेला तर डब्याचंही वजन सुरमईच्या भावाने मोजलं जाईल, ही भीती. म्हणून: ‘रिकामा डबा ठेवा, काटा शून्य करा, मग सुरमई घाला.’ काट्यावर त्यासाठी कळ असते. काउंटरवाल्याला ती दाबायला सांगणं हीच मोहीम. भाजीच्या काट्यापाशीच्या घोषणेत नाव जाळीच्या पिशवीचं: तिचं वजन नगण्य, आतलं सगळं दिसतं, आणि किमतीचं स्टिकर केळ्यांच्या सालीवर छान बसतं. कोथिंबिरीवर मात्र बसत नाही, हे कबूल. तिच्या जुडीला घरचा एक कागद गुंडाळावा.

समितीने तिन्ही घोषणा ऐकून घेतल्या आणि ‘फारच साध्या आहेत’ असा शेरा मारला. त्याऐवजी ‘कापडी’ पिशव्या वाटायचं ठरलं. नमुना आला, तो हिरवागार, मऊ आणि पॉलिप्रॉपिलीनचा. विणलेलं सूत त्यात एकही नव्हतं. प्लास्टिकचेच तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले. काडी लावली तर सुती कापड जळून राख होतं, हे वितळून गोळा होतं. “पण फोटो किती छान उमटलाय!” अध्यक्ष म्हणाले.

वहिनींनी मग सुती पिशवीचा आग्रह धरला, आणि खांबावरचा फलकही मंजूर करून घेतला. आता ‘डिकी उघडा’च्या फलकावर अध्यक्षांचा फोटो वर बसवायचा की खाली, हे ठरवण्यासाठी शुक्रवारी पुन्हा बैठक आहे.