पस्तीस इंची माणूस

सोलापूरच्या नवी पेठेत ३४ची जीन्स मिळते, ३६ची मिळते. ३५ची मागितली की दुकानदार पंगतीत दीड पोळी मागणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसा बघतो. माझी कंबर मात्र कुणाला न विचारता, शेंगाचटणी आणि ज्वारीच्या भाकरीच्या संगनमताने, नेमकी पस्तीसवर येऊन बसली आहे. त्यामुळे जीन्स घ्यायची म्हणजे मला आधी भविष्य वर्तवावं लागतं: हे कापड पुढे काय करील?

दुकानदाराने दोन जीन्स पुढ्यात टाकल्या, एक कडक सुती आणि एक स्ट्रेच. दोन्हींबद्दल त्याचं म्हणणं एकच. "३४च घ्या की ओ, घालून घालून ढिली होती." ढिल्या दोन्ही होतात हे खरं, पण दोघींच्या ढिलेपणाची जात वेगळी असते. आप्पा असते तर त्यांनी हे चिमटीत कापड धरून सांगितलं असतं. त्यांचा जन्म यंत्रमागावर चादरी विणण्यात गेला. कापडाला हात न लावता त्यावर मत देणाऱ्यांची त्यांना कीव यायची. आमचे शाळेचे गणवेश ते 'वाढत्या अंगाचे' शिवून घ्यायचे. चड्डीच्या कमरेत इतका ऐवज दुमडलेला असे, की तिसरीतली चड्डी पाचवीपर्यंत आशा सोडत नसे. तेव्हा अंग कपड्यात वाढायचं. आता कपडाच अंगावर वाढतो.

कडक डेनिममध्ये ताणाही सुती आणि बाणाही सुती. उभे धागे निळीत रंगवलेले, आडवे पांढरे. विणताना हे धागे एकमेकांवरून वळसे घेत जातात. आपण बसतो-उठतो तेव्हा ते वळसे ताणानं सरळ होतात, खळीचा ताठा जातो आणि कंबर अर्धा-एक इंच सैल पडते. धुतलं की सूत फुगतं, वळसे परत येतात, आणि सकाळी पहिलं बटण लावताना पुन्हा श्वास रोखावा लागतो. म्हणून माझ्या पस्तीसला कडक जीन्स ३४चीच बरी. थोड्या दिवसांत ती स्वतःहून पस्तीसवर येते. ही सवलत कमरेची. मांड्यांत आवळणारी कडक जीन्स फारशी दया दाखवत नाही. तिथे आवळत असेल तर निमूटपणे ३६ घ्यावी आणि कंबर शिंप्याकडून आत घ्यावी.

स्ट्रेचचा ताणा सुतीच, पण बाण्यात रबरासारखा धागा लपवलेला असतो. लेबलावर 'इलास्टेन २ टक्के' असं काहीतरी लिहिलेलं असतं, तोच तो. १९५८मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो शोधला. तो सुताला ओढून धरतो, म्हणून ही जीन्स पहिल्या भेटीतच जिवलग वाटते. पण दिवसभर ताणलेला हा धागा संध्याकाळपर्यंत पुरता परतत नाही. मग गुडघ्यावर पिशवी येते, बसण्याच्या जागी झोळ पडतो, आणि उभा असलेला माणूसही अर्धवट बसल्यासारखा दिसतो. धुतल्यावर ती सावरते. पण कडक ऊन, गरम इस्त्री आणि ब्लीच यांनी रबर मरतं, आणि सोलापुरात मे महिन्यात गच्चीवर ऊन काही कमी पडत नाही. मग धुण्यानेही फरक पडत नाही. मी तिला आता सावलीत, उलटी करून वाळवतो. शेजारी बघतात, बघोत.

तर स्ट्रेच ३६ची दुकानात उशीसारखी मऊ वाटली, तरी ती घरी येऊन सदतीसची होणार. इथेही ३४च, पण कारण उलटं: कडक जीन्स आपल्याकडे चालत येणार म्हणून, आणि स्ट्रेचला पळायला जागा ठेवायची नाही म्हणून. दुकानदाराचा सल्ला बरोबर निघाला, कारण मात्र अर्धंच बरोबर होतं. फक्त स्ट्रेचच्या मांडीवर आडव्या सुरकुत्या ताणलेल्या दिसल्या, तर रबर आधीच शेवटाला पोचलं आहे असं समजावं. ती लवकर दमते.

आणि लेबलावरच्या आकड्यावर जाऊ नका. बटण लावून जीन्स टेबलावर सपाट पसरा, कंबरपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा, दुप्पट करा. ३४ लिहिलेली कित्येकदा ३६ भरते. स्ट्रेच असेल तर गुडघ्याजवळचं कापड आडवं ताणून सोडा. लगेच मिटलं तर ठीक, आळसावलं तर ठेवून द्या. आणि खरेदीला उपाशीपोटी जाऊ नका. जेवून जा, ट्रायल रूममध्ये खाली मांडी घालून निवांत बसा, बाहेरचा माणूस दार वाजवत असला तरी.