चौकातला ढोल्या

नाशिकमध्ये वाढदिवस घरात कमी आणि चौकात जास्त साजरा होतो. फ्लेक्सवर गॉगल लावलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो आणि मधोमध अवतरणचिन्हांत टोपणनाव. ‘दादा’, ‘शेठ’ इथवर ठीक. पण शाळेतल्या मित्रांनी प्रेमाने ‘ढोल्या’ छापले, तर सिग्नलला थांबलेल्या भावी सासऱ्यांनाही ते वाचता येते.

टोपणनावाची मालकी कोणाची, हे आधी पाहावे. विष्णु वामन शिरवाडकर यांनी बहीण कुसुमचा थोरला भाऊ, म्हणून ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतले. खूण घरातलीच, पण ती त्यांनी स्वतः चारचौघांत आणली. म्हणून २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिनी, सगळा महाराष्ट्र ती बिनदिक्कत वापरतो. ढोल्याने मात्र स्वतःची सही ‘ढोल्या’ अशी कधी केलेली नसते.

शुभेच्छेत लिहिलेल्या मित्राच्या सवयीचे तसे नाही; तिथे प्रश्न मालकीचा नसून वाचणाऱ्यांचा असतो. ‘रविवारची मिसळ, जास्तीची तर्री आणि बिल येताच तुला येणारा फोन’ एवढे एक वाक्य दोघांच्या गप्पांत फक्कड जमते. तेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकले, की तिघे हसतात, वीसजण अंगठा दाखवतात आणि साहेब विचारतात, ‘कसला फोन?’ मग विनोद समजावून सांगावा लागतो, आणि खुलाशात रविवारच्या जागी बुधवारची दुपार निघते. त्यापेक्षा ग्रुपवर नुसता केक टाकावा. तर्री खासगीत वाढावी. तीही उधारी फिटली असेल तर.