महाबचतवाल्यांना अनावृत पत्र

सन्माननीय ‘बॅक टू स्कूल महाबचत’कार यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दुकानाचं नाव इथे मुद्दामच घेत नाही. आपल्यासारखे गुणी लोक पुण्यात पेठोपेठी आहेत. एकट्या आपलंच कौतुक केलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल.

मुलांची प्रगतिपुस्तकं हातात पडायच्या आत आपला पिवळाधमक फलक चौकात लागला. ‘वह्या फ्लॅट ३०% सूट! गणवेश ₹३९९ पासून! ₹३,००० च्या खरेदीवर दप्तर मोफत!’ आम्ही पालक चार दुकानं हिंडल्याशिवाय खिशात हात घालत नाही, हे आपण बरोबर ओळखलंत. आपली हुशारी अशी की अशा चिकित्सक गिऱ्हाइकाला आपण अडवत नाही. त्याला खुशाल तुलना करू देता, फक्त कशाची तुलना करायची ते आपण ठरवता. आम्ही टक्के ताडून पाहत बसतो आणि पानं मोजायची राहून जातात.

वह्यांचंच घ्या. आपला डझनाचा गठ्ठा: छापील किंमत वहीमागे ₹६०, सूट ३०%, म्हणजे वही ₹४२ ला. बोहरी आळीतल्या घाऊक दुकानात छापील किंमत तीच, ₹६०, पण डझनावर सूट २०%, म्हणजे वही ₹४८ ला. तीस मोठे की वीस, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण गठ्ठ्याचा प्लास्टिक कागद जरा बाजूला सारून मी मागचं कव्हर वाचलं. आपली वही १२० पृष्ठांची, बोहरी आळीतली १७२ पृष्ठांची. आपलं एक पृष्ठ ३५ पैशांना पडतं, त्यांचं २८ पैशांना. शिवाय आपली वही १९ बाय १५.५ सेंटिमीटरची, त्यांची २४ बाय १८ ची, म्हणजे पृष्ठही जवळजवळ दीडपट मोठं. तेव्हा आपण तीस टक्के सूट दिलीत ती किमतीवर नव्हे, कागदावर!

कागदाचं आणखी एक. आपल्या सेल्समनने वही उघडून मला पानाचा शुभ्रपणा दाखवला. मी खिशातलं जेल पेन काढून शेवटच्या पानावर एक रेघ ओढली, तर ती पलीकडच्या बाजूला इतकी स्वच्छ उमटली की दोनदा लिहायचे कष्ट वाचावेत. अशा वहीत मुलं एकाच बाजूला लिहितात आणि दिवाळीच्या आत नवा गठ्ठा लागतो. ही दूरदृष्टी फलकावर कुठे दिसली नाही. विनय म्हणावा तो हाच.

आता गणवेश. ‘₹३९९ पासून’मधला शेवटचा शब्द आपण मुंगीच्या पावलाएवढा छापलात, म्हणून जवळ जाऊन वाचावा लागला. ₹३९९ ला मिळतो तो वीस नंबरचा शर्ट, बालवाडीच्या मापाचा. पुढे दर दोन इंचांना वीस रुपये चढत जातात आणि माझ्या पाचवीतल्या मुलाला बसणारा तीस नंबर ₹४९९ ला पडतो. पँट ₹५६० ची वेगळी. एक जोड ₹१,०५९, दोन जोड ₹२,११८. या शर्टासारखाच साधा पांढरा टेरिकॉट शर्ट लक्ष्मी रस्त्याच्या आसपास तीनशेच्या आत मिळतो. तुमच्या शर्टात जास्तीचं काय? खिशावर विणलेला शाळेचा बिल्ला. मी म्हटलं, नुसता बिल्ला द्या, शर्ट मी बाहेरून घेतो आणि शिवून घेतो. काउंटरवरच्या ताईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी देवळात जाऊन नुसता कळस मागितला होता. “बिल्ला सुटा मिळत नाही, दादा.” बरोबरच आहे. सुटा मिळाला तर तीनशे आणि पाचशे शेजारी शेजारी उभे राहतील, आणि मग महाबचतीचं काय?

पँटचं एक गुपित मात्र मी शिंप्याकडून शिकलो आहे, तेही सांगतो. पँट उलटी करून पायाच्या टोकाशी आणि कंबरेच्या मागच्या शिवणीत दाब किती ठेवलाय ते बघावं. दोन इंच दाब असेल तर पुढच्या जूनमध्ये उसवून लांबी वाढवता येते आणि पँट दोन वर्षं जाते. आपल्या पँटच्या पायाला अर्धा इंच दाब होता. मूल मात्र एका वर्षात दीड-दोन इंच सहज वाढतं. म्हणजे ₹५६० हा वर्षाचा भाव झाला, पँटचा नव्हे.

खरी कमाल दप्तराची. वह्यांचे सुटीसह ₹५०४ आणि गणवेशाचे ₹२,११८ मिळून ₹२,६२२ झाले. तीन हजाराला ₹३७८ कमी. ताई म्हणाल्या, थोडं अजून काहीतरी घ्या, दप्तर फुकट मिळेल. तेवढ्यात बिल करणाऱ्या मुलाने बारीक अक्षरातली ओळ दाखवली: एका बिलावर एकच योजना. म्हणजे दप्तर हवं असेल तर वह्या छापील किमतीला, ₹७२०. बेरीज ₹२,८३८. उरलेल्यासाठी ₹१७५ ची कंपासपेटी घातली की ₹३,०१३, आणि दप्तर आपल्या हातात, अगदी फुकट. मी मागच्या कागदावर वजाबाकी केली. ₹३,०१३ वजा ₹२,६२२, उरले ₹३९१. कंपासपेटी घरात गेल्या वर्षीची धड आहे. तेव्हा फुकटचं दप्तर ₹३९१ ला पडलं. तसंच दप्तर, तीच चेन, तोच पट्टा, समोरच्या फुटपाथवर ₹३७५ ला टांगलेलं होतं, आणि ते घासाघीस करायच्या आधी.

ज्या वस्तूची किंमत बिलातूनच पूर्ण किंवा थोडी वसूल होते, ती मोफत असल्याचा आभास निर्माण करणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपण मनावर घेऊ नका. कायदे वाचणारे पालक असतात थोडेच, आणि तेही जूनमध्ये रांगेत उभे असतात.

‘जीएसटी माफ, आमच्याकडून भेट!’ ही पाटीही आवडली. वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनर यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, तो जीएसटी परिषदेच्या निर्णयाने. आपण दुसऱ्याची भेट स्वतःच्या नावाच्या पिशवीत घालून देता, इतकंच. दप्तरावर आणि पेनावर कर आजही आहे. त्यांच्यावर ती पाटी का लावली नाही, हे विचारायचं राहून गेलं.

या वर्षी आपल्याकडून मी बिल्ल्याचे दोन शर्ट तेवढे घेतले, कारण ते दुसरीकडे मिळत नाहीत. त्यावर सूट नाही, भेट नाही, योजनाही नाही. बिल ₹९९८.

कळावे,
आपला नियमित (पण मोजून घेणारा) ग्राहक

ता. क.: शर्टाच्या खिशाची शिवण एका बाजूने सुटली आहे. ‘बदलून मिळणार नाही’ असा शिक्का आपण बिलावर मारला आहे, पण सदोष माल परत न घेणं हेही त्याच कायद्यात बसत नाही. शनिवारी येतो. बिल सोबत असेल.